पाच अवस्था आणि सहावं शून्य

शून्य आणि एक या दोनच अंकांची एक ओळ समोर आहे. तिच्यात शून्यं जितकी, तितकेच एक आहेत का, एवढंच सांगायचं. ०११० असेल तर हो, ००१ असेल तर नाही. शाळकरी मूलही हे करील. डावीकडून वाचत जायचं, शून्य आलं की मनातल्या आकड्यात एक मिळवायचा, एक आला की तो वजा करायचा. शेवटी मनात काही उरलं नाही, तर उत्तर हो.

संगणकशास्त्रातलं सर्वांत साधं यंत्र मात्र हे काम करू शकत नाही. या यंत्राला ‘फायनाइट ऑटोमॅटन’ म्हणतात. त्याच्याजवळ वही नाही, पाटी नाही. ठरावीक संख्येच्या अवस्था तेवढ्या आहेत, आणि कोणत्याही क्षणी ते त्यांपैकी एकाच अवस्थेत असतं. एक अंक वाचायचा आणि नेमून दिलेल्या पुढच्या अवस्थेत जायचं, यापलीकडे त्याला काही येत नाही. ओळ संपते तेव्हा ते ‘स्वीकार’ असा शिक्का असलेल्या अवस्थेत असेल तर उत्तर हो, नाहीतर नाही. ओळीतल्या शून्यांची संख्या सम आहे का, हे तपासायला अशा दोन अवस्था पुरतात, एक ‘सम’ आणि दुसरी ‘विषम’. शून्य आलं की एकीतून दुसरीत जायचं, एक आला की जागेवर थांबायचं. ओळ कोटी अंकांची असली तरी तिसरी अवस्था लागत नाही.

अशा यंत्राला ज्या ओळींचा संच अचूक ओळखता येतो, त्याला ‘नियमित भाषा’ म्हणतात. हे नाव अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांच्या १९५० च्या दशकातल्या कामातून आलं. मायकेल रॅबिन आणि डेना स्कॉट यांच्या १९५९ च्या निबंधाने या यंत्रांचा सिद्धान्त पक्क्या पायावर उभा केला, आणि त्याच निबंधासाठी दोघांना १९७६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता मूळ प्रश्न. समसमान शून्य-एकांच्या ओळी ओळखणारं यंत्र अजून कुणाला बनवता आलेलं नाही, हे विधान वेगळं. ते कुणालाही, कधीही बनवता येणार नाही, हे विधान वेगळं. दुसऱ्यासाठी सिद्धता लागते. यंत्रं अगणित आहेत, एकेक तपासून भागणार नाही. म्हणून सगळ्यांना एकदम लागू पडेल असा एक धागा धरावा लागतो, आणि तो धागा म्हणजे यंत्राच्या अवस्था मोजक्या असणं.

समजा, एका दावेदाराने पाच अवस्थांचं यंत्र आणलं आणि म्हणाला, ‘हे काम करतं.’ त्याला आपण पाच शून्यं आणि मग पाच एक अशी ओळ देऊ: ०००००१११११. शून्यं-एक समान आहेत, तेव्हा यंत्राने ती स्वीकारलीच पाहिजे. आता यंत्र कोणत्या अवस्थेत आहे हे सहा वेळा टिपू. एकदा काहीही वाचण्यापूर्वी, आणि मग पहिल्या पाच शून्यांपैकी प्रत्येक शून्य वाचल्यावर एकदा. नोंदी सहा आणि अवस्था पाच, म्हणजे निदान एक अवस्था दोनदा आलीच. धरू की दोन शून्यांनंतर आणि पाच शून्यांनंतर यंत्र एकाच अवस्थेत होतं.

इथे दावा मोडतो. त्या अवस्थेत पोचलेल्या यंत्राला आपण तिथे दोन शून्यांनी आलो की पाच शून्यांनी, हे सांगायला काहीही साधन नाही. त्याची सगळी आठवण म्हणजे ती अवस्थाच. तेव्हा मधली तीन शून्यं काढून टाकली आणि ००१११११ ही ओळ दिली, तरी यंत्र पुढचे पाच एक वाचत त्याच शेवटच्या अवस्थेत जाईल आणि ‘स्वीकार’ म्हणेल. पण या ओळीत शून्यं दोन आहेत आणि एक पाच. उलट ती तीन शून्यं आणखी एकदा घातली, तर आठ शून्यं आणि पाच एक असलेली ओळही ते तितक्याच खात्रीने स्वीकारील. दावा खोटा ठरला, आणि यंत्राचा आराखडा आपण उघडूनही पाहिला नाही!

पंपिंग लेमा म्हणजे हाच युक्तिवाद, कोणत्याही नियमित भाषेला लागू पडेल अशा रूपात मांडलेला. तो म्हणतो: भाषा नियमित असेल, तर तिच्यासाठी p ही एक संख्या असते. (यंत्राच्या अवस्थांची संख्या p म्हणून चालते.) भाषेतली p किंवा त्याहून जास्त लांबीची कोणतीही ओळ घ्या, तिचे x, y आणि z असे तीन सलग तुकडे पाडता येतात. मधला y रिकामा नसतो, x आणि y मिळून p अंकांच्या आत संपतात, आणि y काढून टाकला किंवा कितीही वेळा लागोपाठ लिहिला, तरी तयार होणारी ओळ भाषेतच राहते. म्हणजे xz, xyz, xyyz, xyyyz अशा सगळ्या ओळी भाषेत असतात. y हा यंत्राने मारलेला फेरा आहे. जिथून निघाला तिथेच परत येणारा फेरा कितीही वेळा मारता येतो किंवा वगळता येतो.

आपली सिद्धता आता चार ओळींची होते. भाषा नियमित आहे असं माना, म्हणजे काहीतरी p आहे. p शून्यं आणि त्यामागून p एक अशी ओळ घ्या. x आणि y पहिल्या p अंकांतच संपतात आणि तिथे फक्त शून्यं आहेत, तेव्हा y कुठेही कापला तरी त्यात निव्वळ शून्यं असतात, आणि निदान एक तरी असतं. y काढून टाकला की शून्यं p पेक्षा कमी होतात, एक मात्र p च राहतात. ही ओळ भाषेत नाही. गृहीतक खोटं, म्हणून भाषा नियमित नाही.

विद्यार्थी ही सिद्धता पाठ करतात आणि परीक्षेत प्रश्न जरा बदलला की अडतात. माझ्या मते याचं कारण गणिताचं नाही. कोणती निवड कुणाच्या हातात आहे, हे त्यांना नीट सांगितलं गेलेलं नसतं. p दावेदार निवडतो. ओळ आपण निवडतो. तिचे तुकडे पुन्हा दावेदार पाडतो. y किती वेळा लिहायचा, हे आपण ठरवतो. p ला स्वतःच पाच किंवा दहा मानून टाकणं, किंवा y आपल्या सोयीने कापणं, म्हणजे दावेदाराची खेळी आपणच खेळणं. वर मी पाच अवस्थांचं यंत्र घेतलं ते कल्पना समजावी म्हणून. तेवढ्याने पाच अवस्थांची यंत्रं बाद झाली, सहा अवस्थांची नाही.

ओळ निवडताना मात्र आपल्याला पूर्ण मोकळीक आहे, आणि सिद्धतेतलं सगळं कसब तिथेच लागतं. समजा, आपण ०१०१०१… अशी, ०१ ही जोडी p वेळा लिहिलेली ओळ दिली. तीही समसमान आहे आणि पुरेशी लांबही. पण दावेदार x रिकामा ठेवील आणि y म्हणून पहिली ०१ ही जोडी उचलील (p दोन किंवा अधिक असला की झालं). ती कितीही वेळा लिहा, शून्यं आणि एक बरोबरीनेच वाढतात. आपल्या हाती काहीच लागलं नाही. यावरून भाषा नियमित आहे असं मात्र मुळीच ठरत नाही. फक्त आपण ओळ वाईट निवडली.

x आणि y पहिल्या p अंकांतच संपले पाहिजेत, ही अटही निसटून चालत नाही. ती नसती तर p शून्यं आणि p एक असलेल्या ओळीतही दावेदाराने बरोबर मध्यावरची, शेवटचं शून्य आणि पहिला एक मिळून होणारी ०१ ही जोडी y म्हणून घेतली असती, आणि तो सुटला असता. पुष्कळ उत्तरपत्रिकांत ही अट लिहिलेली असते, पण वापरलेली नसते. तपासणाऱ्याने तिथेच थांबून पाहावं.

‘समान संख्या’ हे शब्द दिसले की भाषा नियमित नाही, असा ठोकताळा बांधू नये. ओळीत ‘०१’ जितक्या वेळा येतं तितक्याच वेळा ‘१०’ येतं का, हा प्रश्न वरवर आपल्याच प्रश्नासारखा दिसतो, तरी ही भाषा नियमित आहे. शून्यावरून एकावर गेल्यानंतर पुन्हा तसंच जायचं तर आधी एकावरून शून्यावर यावंच लागतं. त्यामुळे दोन्ही संख्यांतला फरक कधी एकाच्या वर जात नाही, आणि प्रश्न इतकाच उरतो की ओळीचा पहिला आणि शेवटचा अंक सारखा आहे का. त्याला पाच अवस्था पुरतात. मूळ प्रश्नात फरक कितीही वाढू शकतो, अडचण तिथे आहे. फरक कोणत्याही बाजूने पाचाच्या वर जाणार नाही अशी हमी कुणी दिली, तर उणे पाच ते अधिक पाच या अकरा अवस्थांत मूळ कामही होतं. आणि यंत्राला अवस्थांच्या जोडीला एक पाटी दिली, जिच्यावर हवं तितकं लिहिता-पुसता येतं, तर मर्यादाच संपते. संगणकाच्या भाषांमधले कंस जुळतात की नाही हे तपासणारे प्रोग्रॅम म्हणूनच निव्वळ अवस्थांवर विसंबत नाहीत. ते स्टॅक नावाचा साठा बाळगतात.

एका गोष्टीबद्दल सावध राहायला हवं. लेमा एकाच दिशेने चालतो. नियमित भाषा त्याची अट पाळते. पण अट पाळणारी प्रत्येक भाषा नियमित असतेच असं नाही. दोन प्रकारच्या ओळींची एक भाषा घ्या. पहिल्या प्रकारात सुरुवातीला २ हा अंक निदान एकदा, मग काही शून्यं आणि नेमके तितकेच एक. दुसऱ्या प्रकारात २ अजिबात नाही, आधी हवी तितकी शून्यं आणि मग हवे तितके एक. हिच्यातल्या कोणत्याही ओळीचा पहिला अंक y म्हणून उचला. तो काढला किंवा वाढवला तरी ओळ भाषेतच राहते. अट तंतोतंत पाळली गेली, तरी २ नंतरची बरोबरी मोजल्याशिवाय ही भाषा ओळखता येत नाही, म्हणून ती नियमित नाही. तेव्हा पंपिंग लेमा लावून ‘भाषा नियमित आहे’ असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो कधीच मान्य करू नये.

शून्यं एकांच्या बरोबर दुप्पट असतील अशा ओळींची भाषा वाचकांनी स्वतः करून पाहावी. p दावेदाराचा आहे, ओळ तुमची. पहिल्या p अंकांत शून्यांखेरीज काही येणार नाही अशी ओळ शोधा, पुढचं दोन वाक्यांत संपेल.