अत्तराच्या पेटीवर काय लिहावं

दिवाळीच्या महिनाभर आधीपासून भेटपेट्यांचा बाजार सजतो. त्यातल्या अत्तर-उदबत्तीच्या पेट्या हातात घेऊन मागचा मजकूर वाचावा, तर तो थोड्याफार फरकाने असा असतो: ‘मन मोहून टाकणारा स्वर्गीय दरवळ, आपल्या समृद्ध परंपरेचा अनमोल ठेवा, प्रियजनांसाठी आठवणींची सुगंधी भेट.’ यातला ‘दरवळ’ काढून ‘गोडवा’ घाला, ‘सुगंधी’ काढून ‘गोड’ घाला. तोच मजकूर मिठाईच्या खोक्यावर चालतो. जो मजकूर दुसऱ्या वस्तूवर चालतो, तो या वस्तूबद्दल काहीच सांगत नाही, आणि ज्याला भेट मिळते त्याला त्यातून काही आठवतही नाही.

बचत गटांसाठी, छोट्या दुकानांसाठी असा मजकूर लिहिण्याचं काम मी करते. माझा अनुभव असा की आठवण जागी करायची तर ‘आठवण’ हा शब्द लिहायची गरज पडत नाही. वास कुठून येतो आणि तो घरात कुठल्या वेळी, कुठल्या कामात येतो, एवढं अचूक सांगितलं की पुरतं. एक पेटी समोर ठेवून हे दाखवते. पेटीत चार जिन्नस आहेत: हीना अत्तराची 3 मिलीची कुपी, मिट्टी अत्तराची तेवढीच कुपी, मोगऱ्याच्या वासाच्या 20 उदबत्त्या आणि ऊद-राळेच्या धुपाची 50 ग्रॅमची पुडी.

हीनापासून सुरुवात करू, कारण दिवाळीशी सगळ्यात जवळचं नातं त्याचं आहे. पुष्कळांना हीना म्हणजे मेंदीचं अत्तर वाटतं. मेंदीच्या फुलांचं अत्तर वेगळं असतं, त्याला गुलहीना म्हणतात. थंडीत वापरायचं गडद, उष्ण वासाचं हीना हे अनेक वनस्पती आणि मसाले एकत्र ऊर्ध्वपातित करून बनतं. त्यात नागरमोथा असतो, जटामांसी असते, लवंग-वेलदोड्यासारखे स्वयंपाकघरातले जिन्नस असतात. प्रत्येक अत्तरवाल्याचं प्रमाण निराळं असतं आणि ते तो सहसा सांगत नाही.

आता घरगुती उटणं आठवा. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गव्हला, कचोरा, चंदन. नागरमोथा दोन्हीकडे आहे. नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला तेल आणि उटणं लावून आंघोळ होते, नवे कपडे चढतात आणि मग घरातलं मोठं माणूस अत्तराचा फाया हातावर ठेवतं. त्या पहाटे एकच मातकट, मुळ्यांचा वास आधी अंगावर आणि मग कानातल्या फायात असतो. हीना नाकाशी नेलं की मराठी माणसाला दिवाळी का आठवते, याचं बरंचसं उत्तर या एका मुळीत आहे. म्हणून पेटीवर ‘राजेशाही हीना’ लिहिण्यापेक्षा ‘उटण्यातला नागरमोथा याही अत्तरात आहे’ हे वाक्य जास्त काम करतं. वाचणारा कुपी उघडतो, तो वास शोधतो, आणि तो त्याला सापडतो.

गंध आणि स्मृती यांच्या जवळिकीला शरीराचाही आधार आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत थॅलॅमस नावाच्या ठाण्यावरून पुढे जातं. नाकाकडून येणारा संदेश मात्र त्या ठाण्यावर न थांबता भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांकडे पोहोचतो. पण वास ओळखीचा वाटतो आणि तो कशाचा ते मात्र सांगता येत नाही, असंही सगळ्यांचंच होतं. मजकुराचं खरं काम तिथे आहे. त्याने बोट दाखवायचं, बाकीचं वाचणाऱ्याचं नाक करतं.

मिट्टी अत्तर हा या पेटीतला अवघड जिन्नस. तो उत्तर प्रदेशातल्या कनौजमध्ये बनतो. तांब्याच्या मोठ्या भांड्यात, म्हणजे देगेत, भाजलेल्या मातीचे तुकडे आणि पाणी घालतात, झाकण चिकणमातीने लिंपून घट्ट करतात आणि खाली लाकडांचा जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरते. त्याला भपका म्हणतात. भपका गार पाण्यात ठेवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. मातीचा वास त्या तेलात मुरतो, पाणी खाली राहतं, ते काढून टाकतात आणि पुन्हा नवी माती घालतात. हे कित्येक दिवस चालतं. 1964 साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात आयझॅबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी कोरड्या मातीच्या या वासाला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. भारतातले अत्तरवाले तो वास आधीपासून तेलात पकडत आहेत, याची नोंद त्यांच्या लेखात आहे.

हे अत्तर दिवाळीचं नाही. ते मृगाचं आहे. तरी मजकूर लिहिणारे त्याला ओढूनताणून सणाशी बांधतात, ‘मायभूमीच्या मातीचा उत्सवी गंध’ वगैरे. मला हे मुळीच पटत नाही. सरळ लिहावं की हा पहिल्या पावसाचा वास आहे, जूनसाठी राखून ठेवा. बूच घट्ट लावून, उन्हापासून दूर ठेवलं तर चंदनतेलावरचं अत्तर वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे हा सल्ला खराही आहे. मे महिन्याच्या अखेरीस कपाट आवरताना ती कुपी पुन्हा हाती येते आणि भेट देणाऱ्याची आठवण तेव्हा निघते.

उदबत्तीच्या बाबतीत चूक वेगळीच होते. लिहिणारा पुडा फोडून न पेटवलेल्या काडीचा वास घेतो आणि तोच लिहितो. काडी जळताना वास बदलतो. मसाला उदबत्ती असेल तर जिगत नावाच्या चिकट सालीच्या भुकटीत लाकडाची, मुळ्यांची, राळेची पूड मळून ती बांबूच्या काडीवर वळलेली असते. ती जळताना आधी लाकूड पुढे येतं आणि फुलाचा वास मागून येतो. दुसरा प्रकार बिनवासाची काळी काडी सुगंधी द्रावणात बुडवून वाळवण्याचा. पुडा उघडताच ती खोलीभर घमघमते, पेटवल्यावर मात्र पुष्कळदा त्या घमघमाटाखाली कोळशाचा वास येतो. हाताला तेलकट, गुळगुळीत लागणारी काळी काडी बहुधा बुडवलेली असते. तपकिरी, खरबरीत आणि बोटाला पूड लागणारी असेल तर ती मसाल्याची. लिहिण्याआधी एक काडी खिडकी बंद करून पेटवावी, खोलीबाहेर जावं आणि ती विझल्यावर आत येऊन जो वास येईल तो लिहावा. देवघराच्या खोलीत दुपारी तोच वास रेंगाळत असतो.

आणि ‘ताज्या मोगऱ्याच्या कळ्यांपासून’ असं लिहायचा मोह आवरावा. बाजारातल्या बहुतेक मोगरा उदबत्त्यांत फुलाचा अर्क नसतो, त्या वासाचं तयार संयुग असतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ‘मोगऱ्याच्या वासाची’ आणि ‘मोगऱ्याची’ यांत फरक आहे, तो राखायला हवा. अत्तरांचंही तेच. चंदनतेल अतिशय महाग असल्याने स्वस्त अत्तरं पुष्कळदा वासहीन तेलांवर किंवा रासायनिक विद्रावकांवर बनतात. पुरवठादाराने तेल कुठलं ते लेखी दिलं असेल तरच ‘चंदनतेलावर’ लिहावं.

धुपाबद्दल लिहिताना फक्त वासावर थांबू नये. निखारे फुलवणं, धुपाटण्यातून उठणारा पांढरा धूर, डोळे चुरचुरणं, मागून येणारी झांज हे सगळं त्या आठवणीत असतं. राळ सालवृक्षाची, तिचा धूर दाट असतो. उदाचा धूर गोडसर. हाच ऊद गणपतीच्या आरतीत असतो आणि बाळ-बाळंतिणीच्या खोलीतल्या धुरीतही असतो, म्हणून कुणाला गौरी-गणपती आठवतील, कुणाला माहेरची खोली.

इथे एक सावधगिरी लागते. उदबत्ती आणि गुलाबाचा वास पुष्कळ घरांत शेवटच्या निरोपाशीही जोडलेला असतो. वाचणाऱ्याला काय आठवेल ते आपण ठरवू शकत नाही. म्हणून ‘या वासाने तुमचं मन आनंदाने भरून जाईल’ असं वचन देऊ नये. वास, वेळ आणि कृती सांगून थांबावं.

या सगळ्यानंतर पेटीवरचा मजकूर असा झाला:

‘हीना: नागरमोथा, जटामांसी आणि मसाल्यांचं अत्तर. पहिल्या आंघोळीच्या उटण्यातला नागरमोथा यातही आहे. कापसाच्या फायावर घ्या. कपड्यावर थेट लावू नका, तेलाचा डाग पडतो.

मिट्टी: कनौजच्या भाजलेल्या मातीचं अत्तर. तापलेल्या अंगणात पहिले थेंब पडतात तेव्हाचा वास. जूनसाठी राखून ठेवलंत तरी चालेल.

उदबत्ती: मोगऱ्याच्या वासाची, मसाल्याची, हातवळणीची. आधी लाकूड, मग फूल. विझल्यावरही वास मागे राहतो.

धूप: राळ आणि ऊद. निखाऱ्यावर चिमूटभर पुरतो. आरतीनंतर घरभर फिरवा, एक खिडकी उघडी ठेवा.’

एकही ‘मनमोहक’ नाही, एकही ‘दिव्य’ नाही. डागाची आणि धुराची सूचना मजकुरात आहे, ती मुद्दाम. उणी बाजू सांगणाऱ्या माणसाच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो.

हीच पेटी ईदला द्यायची असेल तर अत्तर तेच, मजकूर वेगळा. ईदच्या सकाळी आंघोळ, नवे कपडे, अत्तर आणि मग नमाज असा क्रम असतो. तिथे उटण्याचा उल्लेख कामाचा नाही. पारंपरिक अत्तर तेलावर असतं आणि त्यात अल्कोहोल नसतं, ही माहिती तिथे मोलाची. ती खात्री करून पहिल्याच ओळीत द्यावी. दिवाळीच्या मजकुरात फक्त सणाचं नाव बदलून छापलेली पेटी लगेच ओळखू येते.

छापण्याआधी एक चाचणी जरूर करा. मजकुरातली नावं झाकून तो अशा माणसाला वाचून दाखवा ज्याने पेटी पाहिलेली नाही, आणि चारही पुड्या-कुप्या त्याच्यापुढे उघड्या ठेवा. कुठली ओळ कशाची ते त्याने नुसत्या वासावरून जुळवलं तर मजकूर छापायला द्या. एखादी ओळ जुळली नाही, तर ती खोडा आणि त्या जिन्नसाचा वास पुन्हा घेऊन नव्याने लिहा.