शेवटचा डबा उतरेपर्यंत

रत्नागिरीजवळ पानवल नदीवर कोकण रेल्वेचा पूल आहे. उंची ६४ मीटर, लांबी ४२४ मीटर. त्यावरून २२ एलएचबी डब्यांची एक्स्प्रेस जाते आहे असं धरू. एक डबा जवळपास २४ मीटरचा आणि पुढे विसेक मीटरचं इंजिन, म्हणजे गाडी झाली सुमारे ५५० मीटर. गाडी पुलापेक्षा लांब आहे! अशा गाडीला पूल ओलांडायला किती वेळ लागेल?

शाळेतल्या गणितात इथेच बहुतेकांचं उत्तर चुकतं, कारण अंतर म्हणून फक्त पुलाची लांबी घेतली जाते. पण इंजिनाचं नाक पुलावर आलं की मोजायला सुरुवात करायची, आणि शेवटच्या डब्याचा मागचा टोक पुलावरून उतरला की थांबायचं. तेवढ्या वेळात इंजिन आधी अख्खा पूल पार करतं आणि मग मागची सगळी गाडी पुलाबाहेर ओढण्यासाठी आणखी एक गाडीभर अंतर पुढे जातं. म्हणून ४२४ अधिक ५५०, एकूण ९७४ मीटर.

आता वेग. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे ३६०० सेकंदांत ७२,००० मीटर, अर्थात सेकंदाला २० मीटर. (ताशी किलोमीटरला ५/१८ ने गुणायचं, ते याचसाठी.) ९७४ भागिले २०, म्हणजे जवळपास ४९ सेकंद. कोणी २१ सेकंद सांगितलं तर समजावं, गाडीची लांबी राहिली. साडेतेरा सांगितलं तर ९७४ ला थेट ७२ ने भागलेलं असतं. तसं खरं असतं तर गाडी ताशी जवळपास २६० किलोमीटरने धावली असती.

आणि तरीही २१ सेकंद हे उत्तर एका प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे. खिडकीशी बसलेला प्रवासी पुलावर तेवढाच वेळ असतो, कारण त्याच्यापुरती गाडी म्हणजे एक बिंदू. पुलाबाहेर रुळांशेजारी उभ्या असलेल्या माणसासमोरून तीच गाडी साडेसत्तावीस सेकंदांत निघून जाते. त्याच्या हिशेबात पूल नाहीच. आणि मधले सहा-एक सेकंद असे असतात की गाडीने अख्खा पूल व्यापलेला असतो, इंजिन पुढे बाहेर आणि शेवटचे डबे अजून मागे. गणित सोडवण्याआधी घड्याळ कोणाच्या हातात आहे, हे विचारायला हवं.

लोको पायलटसाठी हा हिशेब रोजचा आहे. दुरुस्तीमुळे एखाद्या पुलावर तात्पुरती ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घातली, असं समजा. सेकंदाला ८.३३ मीटर या वेगाने आपल्या गाडीचं इंजिन ५१ सेकंदांत पुलाबाहेर येईल. समोर रूळ मोकळा, चांगला; पण वेग वाढवता येत नाही. सगळे डबे एकमेकांना जोडलेले, इंजिनाने वेग घेतला की पुलावरच्या शेवटच्या डब्यानेही तो घेतलाच. शेवटचा डबा उतरायला आणखी ६६ सेकंद लागतात, तोवर कळ काढावी लागते. इंजिनातून मागचं टोक नेमकं कुठे आहे ते दिसत नाही, म्हणून मर्यादेचा टप्पा संपल्यावर गाडीच्या लांबीइतक्या अंतरावर पिवळ्या गोल पाट्या असतात. टी/पी प्रवासी गाडीसाठी, टी/जी मालगाडीसाठी. इंजिन पाटीशी पोचलं की मागचं टोक सुटलं, असा तिचा अर्थ. भागाकार पायलटला करावा लागत नाही, तो जमिनीवर आधीच मांडून ठेवलेला असतो.

हे सारं वेग कायम असेल तरच. फलाटावर थांबायला येणाऱ्या गाडीचा वेग सतत उतरत असतो, तिथे हे सूत्र सरळ लावलं तर उत्तर प्रत्यक्षापेक्षा कमी येतं. न थांबता जाणाऱ्या गाडीला मात्र ते चोख लागू पडतं. १५ ऑगस्ट २०२२ ला दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेने कोरब्याहून ‘सुपर वासुकी’ ही कोळशाची गाडी सोडली. पाच मालगाड्या एकत्र जोडलेल्या, २९५ वाघिणी, लांबी साडेतीन किलोमीटर. एक स्टेशन ओलांडायला तिला सुमारे चार मिनिटं लागतात, असं तेव्हा सांगितलं गेलं. फलाट अर्ध्या किलोमीटरचा धरला तर चार किलोमीटर चार मिनिटांत, म्हणजे वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास. मालगाडीला शोभेल असाच आकडा. इथे फलाटाची लांबी विसरलो असतो तरी उत्तर ५२ किंवा ५३ आलं असतं, फार बिघडलं नसतं. गाडीची लांबी विसरलो असतो, तर तिचा वेग ताशी साडेसात किलोमीटर निघाला असता.