गृहकर्जाचा व्याजदर हलतो तेव्हा

गृहकर्जाचे व्याज दोन पद्धतींनी आकारले जाते. स्थिर दराच्या कर्जात करारात लिहिलेला दर ठरलेल्या काळापर्यंत तोच राहतो. बदलत्या, म्हणजे फ्लोटिंग दराच्या कर्जात तो बाजाराबरोबर वरखाली होतो. भारतात १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली नवी फ्लोटिंग गृहकर्जे बाहेरच्या एखाद्या मापदंडाला जोडणे बंधनकारक आहे. बहुतेक बँका त्यासाठी रेपो दर वापरतात. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे पैसे देते, तो हा दर. त्यावर बँक आपला वाढावा लावते आणि दोन्ही मिळून कर्जदाराचा दर ठरतो. तीन महिन्यांतून किमान एकदा या दराची फेरआकारणी होते.

दोन्ही पद्धतींतला खरा फरक दर चढण्याची जोखीम कोणी घ्यायची, हा आहे. स्थिर दरात ती बँकेवर असते, म्हणून बँक सुरुवातीलाच दर चढा ठेवते. फ्लोटिंग दरात ती कर्जदाराकडे जाते, म्हणून सुरुवात सहसा स्वस्त असते.

ही जोखीम किती मोठी असू शकते, हे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात दिसले. त्या नऊ महिन्यांत रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. समजा, एका कर्जदाराने त्यापूर्वी ३० लाख रुपये २० वर्षांसाठी ७ टक्के फ्लोटिंग दराने घेतले. त्याचा हप्ता सुमारे २३,२६० रुपये. दोन वर्षांनी त्याच्याकडे सुमारे २८ लाख ५२ हजार रुपये मुद्दल बाकी आहे आणि दर ९.५ टक्के झाला. (हिशेब सोपा राहावा म्हणून वाढ एकदम झाली असे धरले आहे.) आता महिन्याचे व्याजच सुमारे २२,५८० रुपये होते. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जेमतेम ६८० रुपये जातात आणि उरलेली १८ वर्षांची मुदत ३७ वर्षांवर पोहोचते. मुदत १८ वर्षेच ठेवायची तर हप्ता सुमारे २७,६०० रुपये होतो. हप्ता वाढवला तर पुढचे एकूण व्याज सुमारे ३१ लाख, न वाढवला तर सुमारे ७६ लाख.

हप्ता न बदलल्याने दरवाढ कर्जदाराच्या खिशाला लगेच जाणवत नाही, पण मुदत लांबत जाते. ती ओळखण्याची खूण कर्जखात्याच्या उताऱ्यात सापडते. हप्त्यातला मुद्दलाचा वाटा आणि उरलेल्या हप्त्यांची संख्या, हे दोन आकडे दर फेरआकारणीनंतर पाहावे लागतात.

दरवाढीचा फटका कर्जाच्या वयावरही अवलंबून असतो. हीच वाढ पंधराव्या वर्षाच्या अखेरीस झाली असती, तर मुद्दल पावणेबारा लाखांच्या आसपास उरले असते आणि पाच वर्षांत फेड करण्यासाठी हप्ता फक्त सुमारे १,४०० रुपयांनी वाढला असता. म्हणून स्थिर दराचे संरक्षण सुरुवातीच्या वर्षांत सर्वाधिक मोलाचे असते.

दर उतरतात तेव्हा पारडे फिरते. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आला. रेपोला जोडलेल्या कर्जदाराला ही घट थेट मिळते. बँकेच्या मुदत ठेवी मात्र जुन्या चढ्या दराने चालू असतात, त्यामुळे त्या संपेपर्यंत बँकेचा नफा आकसतो. स्थिर दराच्या कर्जदाराला या घटीतून काहीच मिळत नाही. ९.५ टक्क्यांनी नुकतेच घेतलेले २० वर्षांचे ३० लाखांचे कर्ज ८.५ टक्क्यांवर आले, तर हप्ता सुमारे २७,९६० वरून २६,०४० रुपयांवर येऊ शकतो. पण जुनाच हप्ता चालू ठेवला तर कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी फिटते आणि कमी केलेल्या हप्त्याच्या तुलनेत सुमारे सहा लाख रुपये वाचतात.

स्थिर दर घेताना तो किती काळ स्थिर आहे, हे करारात पाहणे आवश्यक असते. अनेक योजनांत पहिली काही वर्षेच दर स्थिर राहतो आणि नंतर फ्लोटिंग होतो. मुदतपूर्व फेडीचे शुल्कही तपासावे लागते. वैयक्तिक कर्जदाराच्या फ्लोटिंग गृहकर्जावर बँका ते घेऊ शकत नाहीत, स्थिर दराच्या कर्जावर ते लागू शकते.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या नियमांनुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, याची निवड कर्जदाराला द्यावी लागते. बँकेच्या धोरणानुसार स्थिर दराकडे वळण्याचा पर्यायही २०२५ पर्यंत द्यावा लागत असे, आणि मुदत कितीही लांबली तरी हप्ता महिन्याच्या व्याजाहून कमी पडू देता येत नाही.