रंग उडाला तरी रेंजर ओळखा

चांदीपला आमच्या घरी पाच जुनी पॉवर रेंजर्स खेळणी सापडली. उन्हाने रंग पार विटलेले. तरीही सगळी ओळखता आली. १९९३ च्या ‘मायटी मॉर्फिन’ मालिकेतला हा संच.

आधी हेल्मेट पाहा. तीन शिंगं म्हणजे ट्रायसेराटॉप्स, तो निळा. दोन लांब सुळे म्हणजे मॅस्टोडॉन, तो काळा. टिरॅनोसॉरसचा दातेरी जबडा लालचा. उडत्या टेरोडॅक्टिलची चोच गुलाबीची आणि वाघाचे सुळे पिवळ्याचे.

शंका उरली तर शस्त्र पाहा: लालची तलवार, काळ्याची कुऱ्हाड, निळ्याचा भाला, गुलाबीचं धनुष्य, पिवळ्याचे दोन खंजीर. पाचही जोडली की एकच मोठी तोफ होते.

पोशाखावरून मात्र फसगत होते. गुलाबीला स्कर्ट आहे, पिवळ्या मुलीला नाही. कारण मारामारीची बरीच दृश्यं १९९२ च्या ‘झ्युरेंजर’ या जपानी मालिकेतली आहेत आणि तिथे पिवळा मुलगा होता.

छातीवरचं सोनेरी कवचही निर्णायक नाही. ते मूळ या पाचांत नसलेल्या हिरव्या रेंजरचं, पण पुढे लालनेही घातलं. म्हणून शेवटचा निर्णय हेल्मेटवरूनच करा.