एकाच बाटलीची तीन उत्तरं

कॉलेजच्या प्रयोगशाळेत संहत हायड्रोक्लोरिक आम्लाची जी बाटली असते, तिच्या लेबलवर मोलॅरिटी बहुधा छापलेली नसते. तिथे दोन आकडे सापडतात. एक टक्केवारीचा, समजा ३७ टक्के. दुसरा घनतेचा, म्हणजे एका मिलीलिटरचं वजन, समजा १.१९ ग्रॅम. अकरावी-बारावीच्या गृहपाठात हेच दोन आकडे देऊन विचारतात: मोलॅरिटी काढा, मोलॅलिटी काढा, आणि यापासून ०.५ मोलर द्रावण ५०० मिली तयार करायचं तर किती आम्ल घ्याल? मुलं इथे सूत्रं आठवू लागतात आणि सूत्रांची सरमिसळ होते. खरं तर या प्रश्नात सूत्र जवळजवळ लागतच नाही. छेदात काय आहे, एवढं पाहिलं की गणित पुढे आपोआप सरकतं.

तिन्ही मापं एकच गोष्ट सांगतात: द्रावणात द्राव्य किती आहे. फरक आहे तो ‘कशाच्या मानाने किती’ यात. वजनी टक्केवारी म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम द्राव्य. मोलॅरिटी म्हणजे एक लिटर द्रावणात किती मोल द्राव्य. मोलॅलिटी म्हणजे एक किलो द्रावकात किती मोल द्राव्य. शेवटच्या व्याख्येत द्रावण नाही, द्रावक आहे; आपल्या उदाहरणात नुसतं पाणी. उत्तरपत्रिकांत सर्वाधिक चुका होतात त्या या एका शब्दावर.

आता ती बाटली घेऊ. सुरुवात कुठून करायची हे आपल्या हातात आहे, म्हणून सोयीचं तेच घ्यावं: बरोबर एक लिटर आम्ल. एक लिटर म्हणजे १००० मिली आणि प्रत्येक मिलीचं वजन १.१९ ग्रॅम, म्हणून एकूण वजन ११९० ग्रॅम. त्यातलं ३७ टक्के हायड्रोजन क्लोराइड, म्हणजे सुमारे ४४०.३ ग्रॅम. HCl चा एक मोल ३६.४६ ग्रॅमचा असतो. भागाकार केला की १२.०८ मोल मिळतात. आपण लिटरच घेतला होता, तेव्हा मोलॅरिटी झाली १२.०८, ढोबळमानाने १२.१ मोलर.

मोलॅलिटीसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. ११९० ग्रॅममधून ४४०.३ ग्रॅम आम्ल वजा केलं की ७४९.७ ग्रॅम पाणी उरतं, जवळजवळ पाऊण किलो. हेच १२.०८ मोल आता पाऊण किलो पाण्याच्या मानाने मोजायचे: १२.०८ भागिले ०.७४९७, म्हणजे १६.१ मोलल. बाटली तीच, आम्ल तेच. तरी एक उत्तर १२ आणि दुसरं १६. एखाद्या विद्यार्थ्याला इथे १०.२ असं उत्तर आलं, तर त्याने वजाबाकी न करता १२.०८ ला सरळ १.१९ ने भागलेलं असतं, म्हणजे पाण्याऐवजी सगळ्या द्रावणाचं वजन छेदात घेतलेलं असतं.

हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. एक लिटर द्रावणात एक किलोपेक्षा कमी पाणी असेल, तर मोलॅलिटीचा आकडा मोलॅरिटीपेक्षा मोठाच यायला हवा. आपल्या बाटलीत पाऊण किलोच पाणी आहे, त्यामुळे १२.१ पेक्षा लहान मोलॅलिटी आली की पुन्हा मागे जायचं. द्रावण जितकं विरल, तितके हे दोन आकडे जवळ येतात, ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाची मोलॅलिटी जेमतेम ०.५१ भरते. उलट टोक पाहायचं तर संहत सल्फ्युरिक आम्ल घ्यावं. ते ९८ टक्के असतं आणि घनता १.८४. त्याच्या एका लिटरमध्ये आम्ल सुमारे १८०३ ग्रॅम आणि पाणी फक्त ३७ ग्रॅम. मोलॅरिटी येते १८.४, आणि मोलॅलिटी येते चक्क ५००. असा आकडा पाहून मुलं घाबरून खोडाखोड करतात, पण तो बरोबर असतो.

मग दोन मापं ठेवायचीच कशाला? कारण तापमान वाढलं की द्रावण प्रसरण पावतं. लिटर बदलतो, किलो बदलत नाही. म्हणून गोठणबिंदू किती उतरला, उत्कलनबिंदू किती चढला, अशी गणितं मोलॅलिटीत करतात. तिथे तापमान बदलणं हाच प्रयोग असतो. टायट्रेशनमध्ये मात्र आपण ब्यूरेटवर मिलीलिटरच वाचतो, तिथे मोलॅरिटीशिवाय पान हलत नाही.

टक्केवारीतही एक खाच आहे. दवाखान्यातल्या सलाईनवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, पण ते वजनाला वजन नव्हे. १०० मिली द्रावणात ०.९ ग्रॅम मीठ, असा त्याचा अर्थ. लिटरला ९ ग्रॅम. मिठाच्या एका मोलच्या ५८.४४ ग्रॅमने भागलं की ०.१५४ मोलर. इथे घनता लागलीच नाही, कारण छेदात आधीच आकारमान होतं. प्रश्नात टक्केवारी कोणती ते दिलेलं नसेल आणि घनता मात्र दिली असेल, तर ती बहुधा वजनी टक्केवारी असते. घनता देण्याचं कारणच ते.

आता पाणी घालण्याकडे वळू. घरी ऐन वेळी पाहुणे वाढले म्हणून ताकात पाणी वाढवलं, तरी आधी घातलेलं मीठ पातेल्यात तेवढंच राहतं. विरलीकरणाचं सगळं गणित एवढ्यावर उभं आहे: पाणी घालण्याआधीचे मोल आणि नंतरचे मोल सारखे. मोलॅरिटीला लिटरने गुणलं की मोल मिळतात, म्हणून M₁V₁ = M₂V₂. आपल्याला ०.५ मोलर द्रावण अर्धा लिटर हवं, म्हणजे ०.२५ मोल हवेत. बाटलीत लिटरमागे १२.०८ मोल आहेत. ०.२५ भागिले १२.०८ म्हणजे ०.०२०७ लिटर, अर्थात २०.७ मिली आम्ल.

‘किती पाणी घालाल?’ असं विचारलं की वहीत ४७९.३ मिली लिहितात, आणि गृहपाठात ते चालून जातं. प्रयोगशाळेत मात्र असं मोजून ओतत नाहीत, कारण दोन द्रव मिसळले की आकारमानांची बेरीज जशीच्या तशी होईलच असं नाही. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी एकत्र केलं तर १०० मिली भरत नाही, ९६-९७ च्या आसपास भरतं. म्हणून ५०० मिलीच्या व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये आधी निम्मंअधिक पाणी घ्यायचं, त्यात आम्ल हळूहळू सोडायचं, हलवून थंड होऊ द्यायचं आणि मग मानेवरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. पाणी आधी आणि आम्ल नंतर, हा क्रम चुकवायचा नाही. सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतलं तर ते जागच्या जागी उकळून अंगावर उडतं. आणि गरम असताना खुणेपर्यंत भरलं, तर थंड झाल्यावर पातळी खाली जाते.

मुलं अडतात ती या सूत्राच्या शेवटच्या पायरीवर. ‘२५ मिली, २ मोलर द्रावण ०.२५ मोलर करण्यासाठी किती पाणी घालावं?’ सूत्रातून २०० मिली येतं आणि तेच उत्तर म्हणून लिहिलं जातं. पण २०० हे अंतिम आकारमान आहे. घालायचं पाणी १७५ मिली. ‘दहापट विरल करा’ म्हटलं की एक भाग द्रावण आणि नऊ भाग पाणी, दहा नव्हे. दोन द्रावणं मिसळायची असतील तर सरासरी काढू नये, मोल मोजावेत. ०.५ मोलरचे १०० मिली आणि ०.१ मोलरचे ३०० मिली एकत्र केले तर मोल ०.०५ आणि ०.०३, बेरीज ०.०८, एकूण ०.४ लिटर, उत्तर ०.२ मोलर. नुसती सरासरी ०.३ देते, आणि ती चूक आहे.

सर्वात फसवी जागा पुढची. M₁V₁ = M₂V₂ पाठ झालं की विद्यार्थी तेच मोलॅलिटीला लावतात. आपल्या ३७ टक्के आम्लाचे १०० ग्रॅम घ्या आणि त्याचं १ मोलल द्रावण करा. १६.१ गुणिले १०० भागिले १, म्हणजे १६१० ग्रॅम द्रावण, म्हणून १५१० ग्रॅम पाणी घाला, असं उत्तर बिनचूक दिसतं. पण छेदात द्रावक आहे. १०० ग्रॅममध्ये ३७ ग्रॅम आम्ल, म्हणजे १.०१५ मोल, आणि पाणी ६३ ग्रॅम. १.०१५ मोलना १ मोलल होण्यासाठी एकूण १०१५ ग्रॅम पाणी हवं. ६३ आधीच आहे, म्हणून आणखी ९५२ ग्रॅम. हेच १०० ग्रॅम आम्ल १० टक्क्यांवर आणायचं असतं तर मात्र छेदात सगळं द्रावण आलं असतं: ३७ ग्रॅम म्हणजे दहा टक्के, तर एकूण ३७० ग्रॅम, आणि पाणी २७० ग्रॅम. वजनांची बेरीज कधी दगा देत नाही, त्यामुळे इथे खुणेच्या फ्लास्कची गरज नाही, तराजू पुरतो.

एवढं नीट करूनही आपलं ०.५ मोलर आम्ल नक्की ०.५ असेलच, असं धरून चालू नये. हायड्रोक्लोरिक आम्लातून वायू उडून जातो. बाटली वरचेवर उघडली की लेबलवरचे ३७ टक्के तितके राहत नाहीत. काही बाटल्या मुळातच ३५ टक्क्यांच्या असतात, तिथे बारा मोलर धरून केलेलं गणित पहिल्याच पायरीला चुकतं. म्हणून असं द्रावण वापरण्याआधी निर्जल सोडियम कार्बोनेटशी टायट्रेशन करून तपासतात. ०.५३ ग्रॅम कार्बोनेट म्हणजे ०.००५ मोल, आणि त्याच्या प्रत्येक मोलला आम्लाचे दोन मोल लागतात, म्हणजे ०.०१ मोल. आम्ल खरंच ०.५ मोलर असेल तर ब्यूरेटमधून बरोबर २० मिली उतरायला हवं. २०.८ मिली उतरलं, तर ०.०१ भागिले ०.०२०८, म्हणजे द्रावण ०.४८१ मोलर आहे. फ्लास्कवर तोच आकडा लिहायचा आणि पुढचं प्रत्येक गणित त्याच आकड्याने करायचं.