दहावीचा अभ्यास शेवटच्या पेपरकडून मोजा

बोर्डाचं वेळापत्रक हातात आलं की बहुतेक घरांत एकच हिशेब होतो. कुठल्या पेपरच्या आधी किती सुट्टी आहे ते पाहायचं आणि ती सुट्टी त्या पेपरला देऊन टाकायची. इंग्रजीच्या आधी आठवडा मोकळा असेल तर आठवडाभर इंग्रजी, भूमितीच्या आधी एकच दिवस असेल तर भूमितीला एकच दिवस. यात एक मोठी गफलत आहे. पेपरांमधल्या सुट्ट्या कुणाला काय अवघड जातं हे बघून पडत नाहीत. त्यामुळे सोप्या विषयाला वेळ उरतो आणि अवघड विषय उपाशी राहतो.

2025 सालच्या दहावीच्या परीक्षेचंच उदाहरण घेऊ. मराठी, हिंदी, इंग्रजी घेणाऱ्या मुलांचा मराठीचा पेपर 21 फेब्रुवारीला झाला आणि इंग्रजीचा थेट 1 मार्चला. त्यानंतर मात्र रांग लागली: 3 मार्चला हिंदी, 5 ला बीजगणित, 7 ला भूमिती, 10 ला विज्ञान भाग 1, 12 ला विज्ञान भाग 2, 15 ला इतिहास-राज्यशास्त्र आणि 17 ला भूगोल. म्हणजे गणित-विज्ञानाचे चार पेपर आठ दिवसांत, आणि सलग सात दिवस मोकळे मिळाले ते इंग्रजीच्या आधी.

वेळापत्रकावर काही लिहिण्याआधी विषय किती अवघड जातो हे ठरवायला हवं. त्यासाठी सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका काढाव्यात. नुसते गुण पाहून भागत नाही. गुण कुठे गेले ते पाहावं लागतं. भूमितीत 40 पैकी 17 मिळाले असतील तर उरलेले 23 तीन वाटांनी गेलेले असतात. काही ठिकाणी प्रकरणच समजलेलं नसतं, काही ठिकाणी समजलेलं विसरलेलं असतं आणि काही ठिकाणी सगळं येत असून चूक झालेली असते किंवा वेळ पुरलेला नसतो. पहिल्या प्रकाराला सर्वांत जास्त तास लागतात. दुसऱ्याला एक नीट उजळणी पुरते. तिसऱ्याला पुस्तक उघडण्याची गरजच नसते. मागच्या वर्षांचे दोन-तीन पेपर घड्याळ लावून सोडवावे लागतात. मग प्रत्येक विषयाचं एक प्रकरण खरोखर उजळून पाहावं, किती वेळ लागला ते लिहावं आणि त्यावरून अख्ख्या विषयाचे तास काढावेत.

समजा, एका विद्यार्थिनीचे तास असे निघाले: इंग्रजी 20, हिंदी 7, बीजगणित 11, भूमिती 18, विज्ञान भाग 1 साठी 20, भाग 2 साठी 13, इतिहास 12, भूगोल 9. तिचा मोकळ्या दिवशी सात तास मनापासून अभ्यास होतो. पेपर असतो त्या दिवशी दमून आल्यावर संध्याकाळी तीनच तास होतात, त्याहून जास्त धरू नयेत. 14 मार्चला धुळवड होती, म्हणून त्या दिवशी चार तास धरू.

आता हिशेब शेवटच्या पेपरपासून मागे मोजायचा. भूगोलाच्या आधी 15 ची संध्याकाळ आणि 16 चा दिवस मिळून दहा तास आहेत आणि लागतात नऊ. इतिहासाच्या आधी चौदा तास आहेत, लागतात बारा. या दोन्ही पेपरांची काळजी नाही. फेब्रुवारीत त्यांना हात लावला नाही तरी चालेल. विज्ञान भाग 2 साठी तेरा हवेत आणि मिळतात दहा. हे तीन कमी पडणारे तास नंतर भरून निघणार नाहीत, ते मागेच ढकलावे लागतात. भाग 1 च्या आधी शनिवार-रविवार धरून सतरा तास आहेत, पण त्याला स्वतःलाच वीस हवेत. तिथे आणखी तीन तुटतात. भूमितीला अठरा हवेत, मिळतात दहा, म्हणजे आठांची तूट. बीजगणितात एक तास कमी पडतो. सगळी तूट मिळून पंधरा तास झाली.

हिंदीच्या आधी दहा तास आहेत आणि हिंदीला सात लागतात, त्यामुळे तीन तिथे बसतात. उरलेले बारा जातात थेट फेब्रुवारीत. इंग्रजीच्या आधी 52 तास आहेत आणि इंग्रजीला वीस पुरतात. तेव्हा बारा तास सहज निघतात, वर शिल्लकही राहते. हाच हिशेब पुढून मोजला असता तर ही तूट 6 मार्चला, भूमितीच्या आदल्या दिवशी, लक्षात आली असती, आणि तेव्हा करण्यासारखं काहीच उरलं नसतं.

आधी कुठले तास करायचे हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. जे समजून घ्यायचं असतं ते टिकतं, जे पाठ करायचं असतं ते लवकर पुसट होतं. म्हणून या मुलीने फेब्रुवारीच्या बारा तासांत भूमितीचे आठ तास घ्यावेत आणि त्यात समरूपता, वर्तुळ आणि भौमितिक रचना ही प्रकरणं करावीत. चार गुणांच्या तीनपैकी दोन प्रश्न सोडवायचे असतात. त्यांना लागणारा विचार आदल्या रात्री येत नाही. विज्ञान भाग 1 चे तीन तास विद्युतधारा आणि भिंगांवरच्या गणितांना द्यावेत, एक तास वर्गसमीकरणांना. भाग 2 मधल्या आकृत्या आणि संज्ञा पेपरच्या जवळ ठेवलेल्या बऱ्या. त्यांचे तीन तास 2 मार्चच्या सकाळी घ्यावेत. त्या दिवशी संध्याकाळ मात्र हिंदीचीच. पेपरची आदली संध्याकाळ कुठल्याही दुसऱ्या विषयाला द्यायची नाही, हा नियम मोडू नये.

आधी केलेलं विसरायला होईल ही भीती खरी आहे. त्यासाठी फेब्रुवारीत भूमिती करताना प्रत्येक प्रकरणाचं एक पान तयार करावं: प्रमेयांची विधानं, सूत्रं आणि स्वतःची एक चुकलेली आकृती, दुरुस्त करून. 5 मार्चच्या संध्याकाळी पुस्तकाऐवजी ही पानं हातात घ्यावीत. त्यावरून न पाहता उदाहरण सुटलं, तर फेब्रुवारीचे तास कामी आले असं समजावं. सुटलं नाही, तर 6 तारखेचा दिवस आधी त्याच प्रकरणाला द्यावा.

हा आराखडा कुठे कोसळतो तेही माहीत असावं. पहिलं कारण म्हणजे फुगवलेले तास. रोज बारा तास धरून केलेला तक्ता दुसऱ्याच दिवशी मागे पडतो आणि मग मूल तक्ताच सोडून देतं. दुसरं म्हणजे पेपर झाल्यावर प्रश्नपत्रिका घेऊन उत्तरं जुळवत बसणं. संध्याकाळचे तीनच तास असताना त्यातला एक तास त्यात गेला, तर तूट पुन्हा उभी राहते. आणि एखादा विषय वर्षभर उघडलेलाच नसेल, तर हा हिशेब लागू पडत नाही. तिथे उजळणीचे तास मोजून उपयोग नसतो. मागच्या पेपरांत जास्त गुण असलेली दोन-तीन प्रकरणं निवडून तेवढीच पक्की करावीत.

प्रत्येक पेपरनंतर उरलेल्या पेपरांचा हिशेब पुन्हा एकदा शेवटाकडून मांडावा. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. अर्धा दिवस बुडाला असेल तर तो कुठून भरायचा हे लगेच दिसतं: पुढच्या ज्या पेपरच्या आधी तास शिल्लक आहेत, त्याच्या वाट्याचं आत्ता घेतलेलं काम तिकडे सरकवायचं. या उदाहरणात इतिहासाकडे दोन तास शिल्लक आहेत आणि भूगोलाकडे एक. म्हणून विज्ञानाच्या दिवसांत इतिहासाचं पुस्तक उघडलेलं दिसलं, तर ते बिनधास्त मिटायला सांगावं.