रिटायरमेंटचे 40 लाख हातात आले, आता महिन्याचा पगार कोण देणार? ॲन्युइटी की एसडब्ल्यूपी, नीट समजून घ्या

मार्च 2023 मध्ये राज्यभरातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले होते. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा तेव्हा यवतमाळपासून मुंबईपर्यंत ऐकू आली. 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर जे नोकरीला लागले, त्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस आहे. त्यानंतर सरकारनं सुधारित योजनेचा पर्याय आणला, ज्यांनी तो घेतला त्यांचा हिशोब वेगळा. पण जे एनपीएसमध्येच राहिले, त्यांच्यापुढे आता एक असा प्रश्न आलाय जो जुन्या पेन्शनवाल्यांना कधी पडलाच नाही.

प्रश्न असा, की एकरकमी पैसे तर आले, पण त्याचा महिन्याचा पगार कसा बनवायचा? आणि तो मरेपर्यंत पुरवायचा कसा?

समजा दारव्ह्याचे एक झेडपीचे गुरुजी आहेत. वय 58. घर स्वतःचं, मुलांची लग्नं झालेली, घरात नवरा-बायको दोघंच. एनपीएसमध्ये 40 लाख जमले. नियमाप्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला यातल्या किमान 40 टक्क्यांची, म्हणजे 16 लाखांची ॲन्युइटी घ्यावीच लागते. उरलेले 24 लाख करमुक्त हातात येतात. आधी या 16 लाखांचं काय होतं ते बघू.

ॲन्युइटी म्हणजे विमा कंपनीशी केलेला सौदा. तुम्ही एकदा रक्कम द्यायची, कंपनी तुम्हाला जिवंत असेपर्यंत ठरलेले पैसे देत राहणार. तुम्ही 75 व्या वर्षी गेलात तर कंपनीचा फायदा, 95 पर्यंत जगलात तर तुमचा. हजारो लोकांचे पैसे एकत्र असतात, त्यामुळे लवकर गेलेल्यांच्या पैशातून जास्त जगलेल्यांची सोय होते. घरी बसून स्वतः पैसे गुंतवणाऱ्या माणसाला ही सोय करता येत नाही, कारण आपण किती वर्षं जगणार हे त्याला माहीत नसतं.

फॉर्मवर मात्र खरी गडबड होते. तिथं पर्याय बरेच असतात आणि बहुतेक लोक 'मूळ रक्कम वारसाला परत' या पर्यायावर टिक करतात. पैसे बुडत नाहीत असं वाटतं म्हणून. दर वयावर आणि कंपनीवर बदलतात, पण हिशोबासाठी धरून चला की रक्कम परत मिळणाऱ्या पर्यायात 6.5 टक्के मिळतात. म्हणजे 16 लाखांवर महिन्याला साधारण 8,650 रुपये. रक्कम परत नको, पण गुरुजींच्या मागे बायकोलाही तेवढंच मिळत राहू दे, असा पर्याय घेतला तर समजा 7.5 टक्के, म्हणजे महिन्याला 10,000.

महिन्याला साडेतेराशेचा फरक. आता दुसरी बाजू बघा. 25 वर्षांनी मुलांना 16 लाख परत मिळतील, पण महागाई 6 टक्के धरली तर त्या 16 लाखांची किंमत आजच्या पावणेचार लाखांएवढी असेल. त्यासाठी म्हातारपणी दर महिन्याला हात आखडायचा की नाही, हे घरात बसून बोलायला हवं. मुलांसाठी काही ठेवायचंच असेल तर ते उरलेल्या 24 लाखांतूनही ठेवता येतं. बायकोचं नाव नसलेला, फक्त स्वतःच्या हयातीचा आणि रक्कमही परत न देणारा पर्याय थोडे जास्त पैसे देतो खरा, पण गुरुजी गेले की दुसऱ्या महिन्यापासून बाईंच्या खात्यात शून्य. नवरा-बायको दोघं असताना तो घेऊच नये.

ॲन्युइटीचा खरा दोष वेगळाच आहे. जुन्या पेन्शनला महागाई भत्ता असतो, साध्या ॲन्युइटीला नसतो. आज मिळणारे 10,000 वीस वर्षांनीही 10,000 च. 6 टक्के महागाईत 12 वर्षांत त्यांची किंमत निम्मी होते. शिवाय सुरुवातीची फ्री-लूक मुदत गेली की साधारणपणे मागे फिरता येत नाही. नागपूरला ऑपरेशन निघालं म्हणून त्यातले चार लाख काढतो म्हटलं, तर मिळत नाहीत.

मग इथं एसडब्ल्यूपी येतं. सिस्टिमॅटिक विड्रॉवल प्लॅन. एसआयपीच्या उलट. पैसे म्युच्युअल फंडात ठेवायचे आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम बँकेत येऊ द्यायची. ऑक्टोबर 2023 पासून एनपीएसमध्येही अशीच सोय आहे, म्हणजे आपल्या वाट्याचे 60 टक्के एकदम न उचलता हप्त्या-हप्त्यानं घेता येतात. पैसे कधीही काढता येतात, मागे उरलेले वारसाला मिळतात, हप्ता कमी-जास्त करता येतो. वाचायला सगळं छान.

पण हप्ता किती ठेवायचा?

24 लाखांवर दरसाल 8 टक्के मिळाले आणि महागाई 6 टक्के राहिली असं धरू. महागाईप्रमाणे हप्ताही दरवर्षी 6 टक्के वाढवायचा. महिन्याला 16,000 पासून सुरुवात केली तर पैसे साधारण 14 वर्षांत संपतात, म्हणजे गुरुजींच्या 72 व्या वर्षी. 10,000 पासून सुरुवात केली तर 83 व्या वर्षाच्या आसपास. 8,000 पासून केली तर नव्वदी पार होते. 16,000 आणि 8,000 मध्ये फरक फक्त दुपटीचा आहे, पण आयुष्यात तो जवळजवळ वीस वर्षांचा होतो. 'गुरुजी, महिन्याला एक टक्का आरामात सुटते' असं सांगणारा एजंट भेटला तर हा हिशोब आठवा. एक टक्का म्हणजे 24,000 रुपये.

आणि हे तर दरवर्षी नेमाने 8 टक्के मिळाले असं धरून. बाजार तसा चालत नाही. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांच्या आसपास होता, मार्च 2009 मध्ये 8 हजारांच्या घरात. 2020 च्या कोरोनात दोनेक महिन्यांत तो एक तृतीयांशाहून जास्त पडला. दोन्ही वेळा बाजार सावरला, ज्यानं काही विकलं नाही त्याचं फारसं बिघडलं नाही. पण एसडब्ल्यूपीवाला दर महिन्याला विकतच असतो.

समजा फंडाच्या युनिटचा भाव 40 रुपये आहे. 24 लाखांत 60,000 युनिट्स आले. 16,000 चा हप्ता द्यायला महिन्याला 400 युनिट्स विकावे लागतात. भाव 30 वर आला की त्याच 16,000 साठी 533 विकावे लागतात. वर्षभर भाव 30 वरच राहिला तर 4,800 ऐवजी 6,400 युनिट्स गेले. पुढे भाव परत 40 झाला तरी ते जास्तीचे 1,600 युनिट्स परत येत नाहीत. रिटायर झाल्यावर पहिल्या चार-पाच वर्षांत अशी घसरण आली तर सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण तेव्हा रक्कम मोठी असते आणि पुढे जगायचंही बरंच असतं.

म्हणून एसडब्ल्यूपी चालू असेल तर फक्त बँकेत हप्ता आला का हे बघून भागत नाही. हप्ता शेवटच्या महिन्यापर्यंत अगदी वेळेवर येतो, तोपर्यंत आत काय चाललंय ते कळत नाही. दर एप्रिलला स्टेटमेंट काढायचं आणि वर्षाच्या हप्त्यांना शिल्लक रकमेनं भागायचं. हा आकडा साठीच्या आसपास 4 ते 5 टक्के असेल तर ठीक. 7-8 टक्क्यांवर गेला तर हप्ता कमी करायची वेळ झाली.

यवतमाळमध्ये यावर हमखास उत्तर मिळतं, 'यापेक्षा बँकेत एफडी करा, व्याज खा.' ते चूक नाही, पण एफडी कुठं आहे हे बघावं लागतं. यवतमाळच्याच बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध आणले, खातेदाराला 5,000 रुपयांपेक्षा जास्त काढता येईनात. वर्षभरानं बँकेचा परवानाच रद्द झाला. ठेवीला विमा असतो, पण एका बँकेत एका माणसामागे 5 लाखांपर्यंतच, व्याज धरून. रिटायरमेंटचे सगळे पैसे एकाच बँकेत ठेवणाऱ्यासाठी ही मर्यादा फार खालची आहे.

मग गुरुजींनी काय करावं? त्यांचा खर्च दोन भागांत पाडून बघा. किराणा, गॅस, लाईट बिल, बीपीच्या गोळ्या, मोबाईल असा न टळणारा खर्च समजा 15,000. नातवंडं, लग्नकार्य, तीर्थयात्रा हे वरचं. न टळणारा खर्च बाजारावर सोडायचा नाही, एवढं एक ठरवलं की बाकीचं सोपं होतं.

16 लाखांच्या ॲन्युइटीतून 10,000 आले. 24 लाखांतले 10 लाख पोस्टाच्या सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये टाकले, तर 2025 च्या 8.2 टक्के दरानं तिमाहीला 20,500, म्हणजे महिन्याला 6,800 च्या आसपास. झाले जवळपास 16,800, पोटापाण्याची सोय झाली. उरले 14 लाख. त्यातून 5,000 चा एसडब्ल्यूपी लावला तर तो वर्षाला साडेचार टक्क्यांच्याही आत बसतो. एकूण साधारण 21,800.

या मांडणीचा फायदा बाजार पडल्यावर कळतो. 2020 सारखं वर्ष आलं तर गुरुजी एसडब्ल्यूपी थांबवू शकतात, कारण किराणा त्यावर अवलंबून नाही. ऑपरेशन निघालं तर 14 लाखांतून पैसे काढता येतात. आणि ॲन्युइटीची किंमत महागाईनं घटेल तेव्हा वाढवायला हेच 14 लाख मागे असतात.

पोस्टाच्या योजनेत एक बारीक मेख आहे. ती एरवी 60 पूर्ण झालेल्यांसाठी आहे. 58 व्या वर्षी रिटायर झालेल्याला घेता येते, पण निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत आणि मिळालेल्या रकमेच्या मर्यादेतच. मुदत 5 वर्षं, पुढे 3 वर्षं वाढवता येते. म्हणजे 66 व्या वर्षी ते 10 लाख परत मोकळे होतील. वय वाढलं की ॲन्युइटीचा दरही चढा मिळतो, कारण कंपनीला कमी वर्षं द्यायचं असतं. तेव्हा एसडब्ल्यूपीचं स्टेटमेंट दरवर्षी तपासणं जड जाऊ लागलं असेल, तर त्या 10 लाखांची दुसरी ॲन्युइटी घेता येईल, पुन्हा बाईंचं नाव घालूनच.